करिअर मोडमधला प्लेअर वाचायचा कसा: रेटिंग, फॉर्म आणि दुखापतीमागचं गणित

नाशिकमधे आता बरीच पोरं फुटबॉल व्हिडिओ गेममधल्या करिअर मोडकडे वळलीत, आधी फक्त मित्राबरोबर एकेक मॅच खेळायची, आता सिडकोतल्या एका रूमवर चार जण आपापला क्लब घेऊन सीझनमागून सीझन काढतात. आणि नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात एकच प्रश्न विचारतो. माझ्या सातपूरच्या मावसभावाचं उदाहरण घ्या, "दादा, माझा विंगर टीममधला सगळ्यात भारी आकड्याचा आहे, तरी सलग तीन मॅच फालतू खेळला आणि चौथ्या मॅचला हॅमस्ट्रिंग धरून बाहेर, गेम चीटिंग करतोय का?" गेम चीटिंग करत नाहीये. त्या एका विंगरच्या मागे गेम तीन वेगवेगळ्या वह्या ठेवतो. पहिल्या वहीत त्याला किती येतं, दुसऱ्या वहीत तो आज कसा आहे, आणि तिसऱ्या वहीत आज तो मोडायची शक्यता किती. भावाने पहिली वही वाचून टीम लावली होती, बाकी दोन उघडल्याच नव्हत्या.

मी मुख्यतः फुटबॉल मॅनेजर खेळतो आणि अधूनमधून ईएचा एफसी, म्हणजे पूर्वीचा फिफा, त्यामुळे उदाहरणं तिथली आहेत. हिशोब करायला गूगल शीट पुरे, फोनवर पण होतं.

आधी तो मोठा आकडा फोडून बघा

एफसीमधे प्लेअरच्या नावाशेजारी ८४, ७९ असा जो ओव्हरऑल दिसतो तो सहा मोठ्या आकड्यांची साधी सरासरी नसतो. आत पेस, फिनिशिंग, क्रॉसिंग, टॅकल असे सुटे गुण असतात आणि प्रत्येक पोझिशनला त्या गुणांचं वजन वेगळं असतं. म्हणून तोच माणूस विंगवर ८४ असतो आणि त्याला फुलबॅक केलं की आकडा खाली येतो, माणूस तोच, वजनं बदलली. फुटबॉल मॅनेजरमधे सुटे गुण १ ते २० मधे दिसतात आणि त्यांच्या मागे एक झाकलेला आकडा असतो, करंट अॅबिलिटी, बोलताना सगळे सीए म्हणतात, तो २०० पैकी. त्याच्याच शेजारी पीए, म्हणजे पोटेन्शियल, प्लेअर जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकतो ती मर्यादा.

शीटमधे स्वतः करून बघा. कॉलम बीमधे गुण, कॉलम सीमधे वजन. आपला विंगर असा धरू: पेस १७, ड्रिब्लिंग १५, क्रॉसिंग १३, टॅकल ६, हेडिंग ५. विंगसाठी वजनं मी ५, ४, ४, १, १ धरतो. ही वजनं माझी आहेत, समजून घ्यायला, प्रत्येक गेमची खरी वजनं वेगळी असतात आणि गुण पण पाचपेक्षा कितीतरी जास्त असतात. फॉर्म्युला हा:

```
=SUMPRODUCT(B2:B6,C2:C6)/SUM(C2:C6)
```

उत्तर येतं १३.९ च्या जवळ. आता गुणांना हात न लावता फक्त वजनं फुलबॅकची टाका, समजा ४, २, ३, ५, १, आणि उत्तर येतं ११.५. सेंटरबॅकसाठी २, १, १, ६, ५ टाकलीत तर ८.२. एकच पोरगा, तीन आकडे. नवीन माणूस दुखापतीच्या वेळी "चला याला मागे टाकू, आकडा तर मोठा आहे" असं म्हणतो तेव्हा तो १३.९ बघत असतो आणि मैदानावर ८.२ उतरवत असतो.

यातूनच अजून एक गोष्ट निघते जी मला सगळ्यात कामाची वाटते. ज्या गुणांचं वजन त्या पोझिशनला शून्याच्या आसपास असतं ते वाढले काय किंवा घटले काय, मोठा आकडा हलत नाही, पण मॅचमधे ते गुण वापरले जातातच. फुटबॉल मॅनेजरमधे डिटर्मिनेशन आणि फ्लेअरसारखे गुण सीएच्या हिशोबात जवळपास फुकट असतात. म्हणजे दोन विंगर सारख्याच सीएचे असतील आणि एकाचा डिटर्मिनेशन १७ असेल, दुसऱ्याचा ६, तर पहिला तुम्हाला तेवढ्याच पैशात जास्त माल देतोय. मी प्लेअर घेताना आधी हेच बघतो.

स्टारबद्दल पटकन सांगतो, कारण इथे खूप जण फसतात. फुटबॉल मॅनेजरमधले स्टार म्हणजे तुमच्या स्टाफचं मत, आणि ते तुमच्या सध्याच्या टीमच्या तुलनेत असतं. खालच्या डिव्हिजनमधे चार स्टारवाला पोरगा वर गेल्यावर दोन स्टारचा होतो, तो बिघडलेला नसतो, आजूबाजूची माणसं सुधारलेली असतात. कच्चा कोच असेल तर त्याचं मत पण कच्चं.

झाकलेले गुण रिपोर्टमधून काढा

पहिल्या वहीचा दुसरा भाग स्क्रीनवर आकड्यात दिसतच नाही. फुटबॉल मॅनेजरमधे कन्सिस्टन्सी, इम्पॉर्टंट मॅचेस आणि इंजुरी प्रोननेस हे गुण झाकलेले असतात. कन्सिस्टन्सी ठरवते की प्लेअर किती मॅचमधे आपल्या खऱ्या लेव्हलला खेळेल, कमी असेल तर बऱ्याच मॅचमधे तो खालीच खेळतो. इंजुरी प्रोननेस उलटा वाचायचा, म्हणजे आकडा जितका जास्त तितका माणूस नाजूक. नॅचरल फिटनेस मात्र समोर दिसतो आणि त्याच्यावर रिकव्हरी अवलंबून असते, म्हणजे तो ७ असलेल्या माणसाकडून दर तीन दिवसांनी ९० मिनिटं मागायची नाहीत.

हे झाकलेले गुण एडिटर न उघडता कळतात. कोच रिपोर्टमधे उणिवांच्या बाजूला वाक्यं येतात, सातत्य नाही, वारंवार जखमी होतो, अशा अर्थाची. आणि प्लेअरच्या हिस्टरीत दुखापतींची यादी असते, ती उघडा. एका सीझनमधे एक मोठी दुखापत हा नशिबाचा भाग असू शकतो. पण तीन सीझन सलग, कधी मांडी, कधी पोटरी, कधी ग्रॉइन, दरवेळी दोन तीन आठवडे, अशी यादी दिसली की तो माणूस मी कितीही स्वस्त असला तरी पहिल्या अकरात धरून घेत नाही. मावसभावाच्या विंगरची यादी आम्ही उघडली तेव्हा नेमकी अशीच होती. "अरे हे इथे लिहिलेलंच होतं की," एवढंच म्हणाला तो.

आजचा माणूस: दम, धार, थकवा

दुसऱ्या वहीत नवीन लोक सगळ्यात जास्त गोंधळतात कारण तीन वेगळ्या गोष्टींना ते सरसकट फिटनेस म्हणतात.

पहिली कंडिशन. हा आजचा दम, मॅचमधे संपतो आणि विश्रांतीने भरतो, काही दिवसांचा मामला. दुसरी मॅच शार्पनेस, म्हणजे धार. ही उलटी चालते, मॅच खेळल्याने वाढते आणि बसून राहिल्याने जाते. एफसीवाल्यांना पण हे ओळखीचं आहे, फिफा २१ पासून करिअर मोडमधे शार्पनेस आला. तिसरा फटीग, साचलेला थकवा, जो आठवडेच्या आठवडे जमत जातो आणि एका दिवसाच्या सुट्टीने उतरत नाही. गंमत अशी की हिरवं हार्ट दिसतं म्हणून तुम्ही प्लेअर उतरवता, पण ते हार्ट आजचा दम सांगतं, गेल्या दोन महिन्यांत काय साचलंय ते फटीगच्या खात्यात असतं आणि ते बघायला मेडिकल सेंटरमधे किंवा ट्रेनिंगच्या स्क्रीनवर जावं लागतं, व्हर्जनप्रमाणे जागा थोडी बदलते.

या तिघांची आपसात ओढाताण आहे आणि करिअर मोडचं अर्धं मॅनेजमेंट तिथेच आहे. बसवून ठेवलं तर दम पूर्ण, थकवा शून्य, पण धार गेली. रोज खेळवलं तर धार एकदम कडक, पण थकवा साचतो आणि दम प्रत्येक मॅचला थोड्या खालून सुरू होतो. गोल्फ क्लब मैदानावर रणजीचा सामना चालू असताना फास्ट बोलरला कॅप्टन चार पाच ओव्हरच्या छोट्या स्पेलमधेच का वापरतो, आणि पूर्ण दिवस बसवून पण का ठेवत नाही, तेच हे.

फॉर्मवर किती विश्वास ठेवायचा

फॉर्म म्हणजे गेल्या काही मॅचच्या रेटिंगचा सारांश. मॅच रेटिंग १० पैकी असतं, ६.८ च्या आसपास म्हणजे काम ठीकठाक केलं, ७ च्या वर चांगलं, ६.५ च्या खाली वाईट. फॉर्मचा परिणाम प्लेअरच्या मनस्थितीवर होतो, त्यातून पुढच्या मॅचवर होतो, म्हणून गेममधे चांगली लाट थोडी टिकते. पण थोडीच.

किती थोडी ते शीटमधे दिसतं. फॉर्म मोजायची एक साधी सरळ पद्धत अशी की जुन्या फॉर्मचे ७० टक्के आणि नव्या मॅचचे ३० टक्के घ्यायचे, कॉलम डीमधे फॉर्म, कॉलम ईमधे मॅचचं रेटिंग, आणि डी३ मधे हा फॉर्म्युला:

```
=0.7*D2+0.3*E3
```

विंगरचा फॉर्म ६.९ होता, त्याने हॅटट्रिक मारली, रेटिंग ९.०. नवा फॉर्म ७.५३. सगळे खूश, कॉन्ट्रॅक्ट वाढवा वगैरे सुरू. पुढची मॅच ६.५, फॉर्म ७.२२. त्याच्या पुढची ६.६, फॉर्म ७.०३. दोन साध्या मॅच आणि माणूस जिथून निघाला जवळपास तिथेच परत. उलट बाजूनेही तसंच होतं, एका ५.८ च्या मॅचने घाबरून माणूस बसवला तर तो आपोआप वर आला असता ते तुम्हाला दिसतच नाही, आणि वरून बसवल्यामुळे धार गेली ती वेगळीच.

म्हणून माझा नियम असा, पाचपेक्षा कमी मॅचचा फॉर्म बघून मी कुणाला काढत नाही आणि कुणाला विकत पण घेत नाही. दुसरं असं की रेटिंगमधे गोल आणि असिस्टचं वजन खूप असतं. डिफेन्सिव्ह मिडफिल्डर पूर्ण मॅच अप्रतिम खेळून ६.९ वर थांबतो आणि स्ट्रायकर एकदा बॉलला पाय लावून ७.४ घेऊन जातो, त्यामुळे फॉर्मची तुलना एकाच पोझिशनच्या माणसांत करा. आणि खरा फॉर्म गेलाय की फक्त नशीब आडवं आलंय हे कळायला आकडा सोडून मॅचचे आकडे उघडा, विंगरला शॉट मिळतायत का, ड्रिबल होतायत का, क्रॉस पोचतायत का. ते सगळं पूर्वीसारखंच असेल आणि फक्त गोल होत नसतील तर हात लावू नका. तेच घटले असतील तर मग दम, धार, थकवा तपासा, उत्तर बहुतेक तिथेच सापडतं. मावसभावाच्या तीन फालतू मॅचमधे ड्रिबल अर्ध्यावर आले होते, आणि ते पण प्रत्येक वेळी दुसऱ्या हाफमधे. हा फॉर्मचा प्रश्नच नव्हता, पोरगा दमलेला होता.

दुखापत: फासा तुमच्या हातात नाही, पण वजन तुम्ही टाकता

इथे जरा थांबून खऱ्या फुटबॉलचा आकडा घेऊ, कारण गेम शेवटी त्याचीच नक्कल करतो. युएफाचा मोठ्या क्लबांवरचा दुखापतींचा अभ्यास २००१ पासून चालू आहे, आणि २०११ मधे छापून आलेल्या त्याच्या निष्कर्षात मॅचच्या दर १००० तासांना २७.५ दुखापती आणि ट्रेनिंगच्या दर १००० तासांना ४.१ असं प्रमाण होतं. २५ जणांच्या टीमला सीझनमधे साधारण ५० दुखापती. म्हणजे तुमच्या टीममधे एका वेळी तीन चार जण बाहेर असणं ही गेमची दुष्मनी नाही, खऱ्या जगात तसंच चालतं.

आता याचं एका मॅचमधे रूपांतर करा. एक माणूस ९० मिनिटं खेळला म्हणजे दीड तास, १.५ ला २७.५ ने गुणून १००० ने भागलं की साधारण ४ टक्के येतात. एका मॅचला ४ टक्के ऐकायला काहीच नाही. पण पाच मॅच सलग खेळवल्या तर?

```
=1-(1-0.04)^5
```

उत्तर १८.५ टक्के. आता गेम काय करतो, तर या पायाच्या शक्यतेला गुणक लावतो, दम कमी असेल तर एक, प्लेअर नाजूक असेल तर अजून एक, दुखापतीतून नुकताच परत आला असेल तर आणखी एक. गुणक किती ते प्रत्येक गेमचं वेगळं असतं, समजायला मी यातल्या पहिल्या दोन्हींना दीडपट धरतो. फक्त दमलेला माणूस असेल तर ४ चे ६ टक्के, पाच मॅचला २६.६. दमलेला आणि नाजूक दोन्ही असेल तर ९ टक्के, आणि पाच मॅचला ३७.६. मावसभावाचा विंगर या शेवटच्या खान्यात होता. त्याला वाटत होतं आभाळ कोसळलं, खरं तर तिनातली एक शक्यता होती आणि ती लागली.

या आकड्यांचा उलटा अर्थ पण नीट लक्षात घ्या. सगळं बरोबर करूनही १८ टक्के उरतातच. एकदम ताजा, धडधाकट माणूस दहाव्या मिनिटाला बाहेर गेला तर तुमचं काही चुकलेलं असेलच असं नाही. मॅचआधी सेव्ह करून दुखापत झाली की परत लोड करणारे बरेच आहेत, फासा पुन्हा पडतो आणि माणूस वाचतो, पण गुणक तसेच राहतात म्हणून पुढच्या आठवड्यात तेच होतं.

शनिवार, बुधवार, शनिवार

आता हे सगळं एका आठवड्यात लावून बघू. आठ दिवसांत तीन मॅच, आपलाच विंगर. दमाचे आकडे १०० पैकी धरतो, तुमच्या गेममधे बार किंवा हार्ट दिसेल.

पहिल्या शनिवारी तो ९८ वर उतरतो, ९० मिनिटं खेळतो, ६५ वर संपतो. रविवारी त्याला मोकळा ठेवा. बुधवारपर्यंत तो समजा ८८ वर येतो. भावाने काय केलं होतं, ८८ म्हणजे हिरवंच आहे म्हणून परत पूर्ण मॅच खेळवला, तो ५६ वर संपला, आणि पुढच्या शनिवारी ७८ वर उतरला. त्या ७८ वर पहिला हाफ बरा जातो, दुसऱ्या हाफमधे पाय चालत नाहीत, ड्रिबल हरतो, रेटिंग ६.३, आणि धोका सगळ्यात जास्त नेमका त्या शेवटच्या अर्ध्या तासात असतो.

मी असं करतो. बुधवारची मॅच सोपी असेल तर त्याला बेंचवर ठेवून शेवटची २५ मिनिटं देतो, धार टिकते आणि दम फारसा जात नाही. मॅच अवघड असेल तर सुरुवातीला उतरवतो आणि ६० व्या मिनिटाला काढतो, स्कोअर काहीही असो. दोन्ही वेळेला पुढच्या शनिवारी तो ९० च्या आसपास येतो. बुधवारी उतरलेला दुसरा विंगर गुणांनी कमी असतो हे मान्य, पण ९६ वरचा १२.५ चा माणूस आणि ७८ वरचा १३.९ चा माणूस यांत दुसऱ्या हाफला मी डोळे झाकून पहिला घेईन.

ट्रेनिंगचं पण बघा. फुटबॉल मॅनेजरमधे ट्रेनिंगच्या रेस्ट टॅबमधे कंडिशनप्रमाणे इंटेन्सिटी आपोआप कमी जास्त होईल असं लावून ठेवता येतं. सगळ्यात खालच्या कंडिशनला ट्रेनिंग बंद, त्याच्या वरच्याला हाफ इंटेन्सिटी, हे एकदा लावलं की रोज बघावं लागत नाही. तिथे डबल इंटेन्सिटीचा मोह होतो, पोरं लवकर वाढतील म्हणून. आठवड्यातून एकच मॅच असेल तर चालतं, तीन मॅचच्या आठवड्यात नको. आणि मेडिकल सेंटरमधे प्रत्येकाची एकूण रिस्क लिहिलेली असते, त्यात मॅचचा भार, ट्रेनिंगचा भार, कंडिशन आणि माणूस मुळात किती नाजूक आहे हे सगळं धरलेलं असतं. टीम लावायच्या आधी ती यादी रिस्कप्रमाणे लावून वरची चार पाच नावं वाचा, अर्धं मिनिट लागतं.

परत येताना

फिजिओने क्लिअर केलं म्हणजे दुखापत संपली, पण माणूस तयार झाला असं नाही. त्याचा दम मधे कुठेतरी असतो आणि धार जवळपास गेलेली. युएफाच्या त्याच अभ्यासात १२ टक्के दुखापती या जुन्याच दुखापतीच्या पुनरावृत्ती होत्या, आणि त्यांनी माणूस जास्त दिवस बाहेर बसत होता. म्हणून आधी रिझर्व्ह किंवा युथ टीमबरोबर ४५ मिनिटं, मग सीनियर टीमच्या बेंचवरून २० मिनिटं, मग ६०, आणि धार भरली की पूर्ण मॅच. महत्त्वाची मॅच आलीय म्हणून इंजेक्शन देऊन उतरवायचा पर्याय गेम देतो, पण दुखापत वाढली तर पुढचा महिना गेला समजा, त्यामुळे फायनलशिवाय मी ते बटण दाबत नाही.

मोठी दुखापत असेल, गुडघ्याच्या लिगामेंटसारखी सहा आठ महिन्यांची, तर परत आल्यावर पहिल्या वहीत जा आणि पेस, अॅक्सिलरेशन तपासा, कारण लांबच्या दुखापतीनंतर शारीरिक गुण खाली येऊ शकतात. १७ चा पेस १५ झाला असेल तर शीटमधे बी२ बदला. विंगचा आकडा १३.९ वरून १३.२ वर येतो, आणि मग ठरवा की याला विंगवरच ठेवायचा, आत घेऊन क्रॉसऐवजी पासवर खेळवायचा, की कॉन्ट्रॅक्टचं एक वर्ष उरलंय तोवर विकायचा. मावसभावाने विकला नाही, नव्या कॉन्ट्रॅक्टमधे पगार कमी करून मॅचमागे पैसे असं लावून घेतलं, आता तो खेळला तरच खर्च होतो.